रंगांध वाचकालाही कळतील असे आलेख आणि पोस्टर: रंग निवडण्यापासून कॉन्ट्रास्ट मोजण्यापर्यंत

सोसायटीच्या फलकासाठी, ग्रामपंचायतीसाठी, शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा ऑफिसच्या अहवालासाठी तुम्ही आलेख आणि पोस्टर बनवत असाल आणि "हे रंग सगळ्यांना दिसतात का?" हा प्रश्न पहिल्यांदाच समोर आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. नेटवर यावर माहिती भरपूर आहे, पण ती तुकड्यातुकड्यात मिळते. रंगांची यादी एका ठिकाणी, कॉन्ट्रास्टचा आकडा दुसऱ्या ठिकाणी. एआयकडून बनवून घेतलेल्या चित्रावर अक्षरं टाकायची तर मोजायचं कसं, हे बहुतेक ठिकाणी नसतंच.

समजायला सोपं जावं म्हणून एकच काम शेवटपर्यंत घेऊन जाऊ. पुण्याला पाणी देणारी खडकवासला साखळीतली चार धरणं, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर. त्यांच्या पाणीसाठ्याची टक्केवारी दाखवणारा पावसाळ्याचा रेषालेख करायचा आहे. सोबत एक पोस्टर: मागे धरणाचं संध्याकाळचं चित्र आणि त्यावर "मंगळवारी पाणी बंद".

## काय काय लागेल

- क्रोम ब्राउझर. रंगांधतेची नक्कल त्यातच करता येते, वेगळं काही बसवावं लागत नाही.
- रंगाचा कोड टाकता येईल असं कुठलंही साधन. एक्सेल, गुगल शीट्स, कॅन्व्हा, इंकस्केप, जे हाताखालचं असेल ते.
- कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणातला फरक, मोजणारं पान. वेबएम या संकेतस्थळाचं मोफत आहे, दोन रंगांचे कोड टाकले की गुणोत्तर देतं.
- चित्रावरची अक्षरं तपासायला पायथन, सोबत पिलो आणि नमपाय ही त्याची पॅकेजं. पायथन येत नसेल तरी पायरी ५ मधल्या पट्टीच्या उपायावर काम भागतं.
- पोस्टरची अक्षरं नसलेली मूळ प्रत. ही आठवणीने वेगळी ठेवा.

## पायरी १: नेमकं काय दिसत नाही ते समजून घ्या

रंगांध माणसाला जग काळंपांढरं दिसतं असा समज आहे. तसं होतं, पण फार क्वचित. डोळ्यात रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यातली एक जात नसली किंवा तिची संवेदना सरकलेली असली, की काही रंग एकमेकांत मिसळतात. हिरव्याच्या जवळची पेशी बिघडली तर ड्यूटन, लालच्या जवळची बिघडली तर प्रोटॅन. या दोन्हींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्याने हा प्रकार पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के आणि स्त्रियांत अर्धा टक्का. भारतातलं प्रमाण त्याहून कमी आढळलं आहे, पण दोनशे घरांच्या सोसायटीत असं कुणी नसेल हे संभवत नाही. निळा-पिवळा मिसळणारा तिसरा प्रकार खूपच दुर्मीळ आहे.

कामाचं म्हणून एवढं लक्षात ठेवा. ड्यूटन आणि प्रोटॅन दोघांनाही लाल, हिरवा, तपकिरी, नारंगी हे रंग एकाच पिवळट-शेवाळी कुटुंबातले वाटतात. निळं आणि पिवळं मात्र त्यांना स्पष्ट वेगळं दिसतं. फिकट आणि गडद यांतला फरकही दिसतो. म्हणून आपली सगळी भिस्त या दोन गोष्टींवर ठेवायची: निळं विरुद्ध पिवळट, आणि फिकट विरुद्ध गडद.

प्रोटॅनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच सर्वांत जास्त निसटते. त्यांना लाल रंग नुसता वेगळा दिसत नाही, तो *काळसर* दिसतो. काळ्या पट्टीवर लाल अक्षरं आपल्याला झगमगीत वाटतात, त्यांना ती अंधारात गेल्यासारखी दिसतात. याचा हिशोब पायरी ५ मध्ये येईल.

## पायरी २: आठ रंगांतले मोजके उचला

जपानमधले मासाताका ओकाबे आणि केई इतो हे दोघे जीवशास्त्रज्ञ स्वतः रंगांध. त्यांनी सुचवलेला आठ रंगांचा संच आज जगभर वापरला जातो. प्रत्येकापुढे पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर दिलं आहे, ते पुढे लागेल.

- काळा `#000000`: २१
- निळा `#0072B2`: ५.२
- शेंदरी `#D55E00`: ३.९
- निळसर हिरवा `#009E73`: ३.४
- जांभळट गुलाबी `#CC79A7`: ३.१
- आकाशी `#56B4E9`: २.३
- नारंगी `#E69F00`: २.३
- पिवळा `#F0E442`: १.३

कोड जसाच्या तसा टाका, नजरेने "साधारण तसाच" निळा निवडू नका. एक्सेलमध्ये रेषेचा रंग बदलताना अधिक रंग असा पर्याय असतो, तिथे नव्या आवृत्त्यांत हा कोड टाकायला रकाना आहे. गुगल शीट्स आणि कॅन्व्हातही आहे.

आता सापळा. संच "रंगांधांसाठी सुरक्षित" आहे म्हणून त्यातले कुठलेही चार रंग उचलले तरी चालेल, असं नाही. हे रंग मोठ्या भागात भरले तर ओळखू येतात. पण बारीक रेषेत डोळ्याला रंगाचा नमुनाच कमी मिळतो आणि अडचण सुरू होते. ड्यूटन नजरेला निळसर हिरवा आणि जांभळट गुलाबी हे दोन्ही राखाडीकडे झुकतात. प्रोटॅन नजरेला जांभळट गुलाबी निळ्याजवळ जातो. शेंदरी आणि निळसर हिरवा रंगाने वेगळे आहेत, पण उजळपणात जवळजवळ सारखे. त्यांचं आपसातलं गुणोत्तर जेमतेम १.१ येतं. झेरॉक्स काढली की दोन्ही रेषा एकाच करड्या रंगाच्या.

शिवाय शेवटचे तीन रंग पांढऱ्यावर फिकट पडतात. आलेखातल्या रेषा, खांब, खुणा यांसाठी किमान ३ गुणोत्तर हवं, असा वेबच्या सुगम्यतेचा प्रमाण नियम आहे. पिवळ्याचं १.३ पाहिल्यावर पांढऱ्यावर पिवळी रेषा कुणी ओढू नये हे वेगळं सांगायला नको. तोच पिवळा गडद पार्श्वभूमीवर मात्र हुकमी आहे. शुद्ध काळ्यावर त्याचं गुणोत्तर जवळपास १६ होतं.

आपल्या चार धरणांसाठी मी असे रंग घेईन:

- खडकवासला: काळा, अखंड रेषा
- वरसगाव: निळा `#0072B2`, अखंड
- पानशेत: शेंदरी `#D55E00`, अखंड
- टेमघर: राखाडी `#767676`, तुटक रेषा

राखाडी त्या आठांत नाही, तो मुद्दाम आणलाय. पांढऱ्यावर त्याचं गुणोत्तर ४.५ भरतं आणि कुठल्याही प्रकारच्या रंगांधतेत राखाडी राखाडीच राहतो. निळा निळा दिसतो, शेंदरी शेवाळी-पिवळट दिसतो, काळा काळा. चौघांची गफलत होत नाही. निळा आणि राखाडी उजळपणात जवळ आहेत, म्हणून राखाडीला तुटक केलं.

पाचवी रेषा आली तर? माझं मत स्पष्ट आहे: पाच रेषांना पाच रंग देऊ नका. ज्या एका रेषेबद्दल बोलायचं आहे ती ठळक निळी करा आणि बाकी सगळ्या राखाडी ठेवून त्यांची नावं लिहा. किंवा एकाखाली एक छोटे आलेख करा. पॅलेट ताणून हा प्रश्न सुटत नाही.

क्रमाने वाढणारी माहिती असेल, म्हणजे जिल्हावार पाऊस किंवा तालुक्यातली पाणीपातळी, तर हा संच वापरूच नका. तिथे एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा हव्यात. `ColorBrewer` या मोफत पानावर `colorblind safe` अशी खूण करायची सोय आहे, तिथून पाच छटा घ्या. पायथन वापरणाऱ्यांना `viridis` हा छटांचा संच तयार मिळतो.

## पायरी ३: रंग काढून टाकला तरी वाचता आलं पाहिजे

आलेखाच्या कोपऱ्यात चार रंगीत ठिपके आणि पुढे नावं, अशी रंगसूची आपण सवयीने ठेवतो. रंगांध वाचकाला सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. ठिपका लहान, रेषा लांब, आणि दोघांचा रंग जुळवायचा. रंगसूची काढून टाका आणि नाव थेट रेषेशेजारी लिहा.

कुठे लिहायचं यालाही थोडा विचार लागतो. सगळे सांगतात की रेषेच्या उजव्या टोकाला लिहा. धरणांच्या आलेखात ते फसतं, कारण चांगला पाऊस झाला तर सप्टेंबरात चारही धरणं शंभर टक्क्यांजवळ येऊन बसतात आणि चार नावं एकमेकांवर चढतात. या आलेखात रेषा सर्वांत पसरलेल्या असतात त्या साधारण जुलैच्या मध्याला, साठा भराभर वाढत असताना. नावं तिथे लिहा. अक्षरं रेषेच्याच रंगात हवी असतील तर चालतील, पण शेंदरी रंग ३.९ वर आहे आणि बारीक मजकुराला ४.५ लागतं. त्यामुळे "पानशेत" हे नाव काळ्यात लिहा आणि त्याशेजारी छोटी शेंदरी रेघ ओढा.

कधी कधी रंग तुमच्या हातात नसतात. हवामान खात्याचे इशारे हिरवा, पिवळा, नारंगी, लाल असेच येणार. ते बदलून निळा-जांभळा करणं चुकीचं ठरेल, कारण लोकांना "रेड अलर्ट" हा शब्दच ओळखीचा आहे. अशा वेळी नकाशातल्या प्रत्येक जिल्ह्यावर "लाल", "नारंगी" असा शब्द किंवा १ ते ४ आकडा छापा. रंगाच्या छटाही अशा निवडा की पिवळा सर्वांत फिकट आणि लाल सर्वांत गडद राहील.

## पायरी ४: नक्कल करून पाहा

आलेखाचं चित्र क्रोमच्या खिडकीत ओढून टाका. `F12` दाबा, मग `Ctrl+Shift+P`. वर येणाऱ्या चौकटीत `Rendering` टाइप करा आणि `Show Rendering` निवडा. खाली जी पट्टी उघडेल त्यात `Emulate vision deficiencies` शोधा. त्यात `Deuteranopia`, `Protanopia` आणि `Achromatopsia` हे तीन पर्याय एकामागून एक पाहा. शेवटचा म्हणजे पूर्ण काळंपांढरं. झेरॉक्समध्ये काय होईल त्याचा अंदाज त्यावरून येतो.

नुसतं "बरं दिसतंय" म्हणून पुढे जाऊ नका, कारण आलेख तुम्ही बनवलाय, कुठली रेषा कुठली हे तुम्हाला पाठ आहे. एखादा ठरावीक प्रश्न घ्या: १५ जुलैला वरसगाव जास्त भरलं होतं की पानशेत? रंगाच्या भरवशावर न राहता उत्तर मिळतंय का ते पाहा. शुद्ध लाल `#FF0000` आणि गडद हिरवा `#008000` या नेहमीच्या जोडीवर एकदा हा प्रयोग करून बघाच. `Deuteranopia` मध्ये दोन्ही शेवाळी होतात, एक थोडा उजळ, एक थोडा मंद, बस्स.

मोबाइलबाबत सावध राहा. अँड्रॉइडच्या सुगम्यता सेटिंगमध्ये रंग सुधारण्याचा जो पर्याय आहे, तो नक्कल करत नाही. तो रंगांध माणसाच्या सोयीसाठी पडद्याचे रंग सरकवतो. तो चालू करून आलेख तपासला तर निष्कर्ष उलटेच निघतील.

नक्कल पूर्ण आणि तीव्र रंगांधतेची असते. प्रत्यक्षात बहुतेक रंगांध लोकांची अडचण सौम्य ते मध्यम असते. त्यामुळे नक्कलेत टिकलं तर बहुतेकांना चालेल. पण नक्कल पडद्याच्या रंगांवर बेतलेली असते. छापलेल्या शाईबद्दल ती काही सांगू शकत नाही.

## पायरी ५: चित्रावरच्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट मोजा

आतापर्यंत पार्श्वभूमी पांढरी होती, सगळं सोपं होतं. पोस्टरची गोष्ट वेगळी. एआयकडून बनवून घेतलेल्या चित्रात ढग असतात, पाण्यावरची चमक असते, दगडांचा पोत असतो. वेबएमच्या पानावर पार्श्वभूमीचा *एक* रंग टाकायचा असतो. इथे एक रंग कुठला?

आधी गुणोत्तर म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक रंगाचा उजळपणा ० ते १ मध्ये काढतात. त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ टक्के, निळ्याचा ७ टक्के. मग उजळ रंगाच्या आकड्यात ०.०५ मिळवून त्याला गडद रंगाच्या आकडा अधिक ०.०५ ने भागतात. साध्या मजकुराला किमान ४.५, मोठ्या अक्षरांना (१८ पॉइंट, किंवा ठळक असतील तर १४ पॉइंट) किमान ३, आणि जिथे शक्य आहे तिथे ७.

देवनागरीसाठी मी ३ ची सूट घेत नाही, अक्षर कितीही मोठं असो. अक्षराचा मुख्य दांडा जाड असला तरी अनुस्वार, रफार, उकार हे त्याच अक्षरातले बारीक तुकडे असतात. खडबडीत पार्श्वभूमीवर आधी तेच जातात. "बंद" वरचा ठिपका ढगाच्या कडेवर पडला तर तो ढगाचाच ठिपका वाटतो.

आता आपलं चित्र. वरच्या भागात उजळ ढग, साधारण `#E8D9C0`. खाली गडद पाणी, साधारण `#1F3A4D`. त्यावर आडवं पांढरं शीर्षक. पाण्यावर त्याचं गुणोत्तर जवळपास १२ येतं, ढगावर १.४. रंग टिपणाऱ्या आयड्रॉपरने कुणी पाण्यावर टिचकी मारली तर तो म्हणेल उत्तम आहे. चित्राची सरासरी काढली तर मधलाच काहीतरी आकडा मिळेल, आणि तो आकडा एकाही अक्षराबद्दल खरा नसेल. म्हणून सरासरी घ्यायची नाही. अक्षरं जिथे पडणार आहेत त्या चौकटीतला प्रत्येक ठिपका मोजायचा आणि सर्वांत वाईट ठिकाणं बघायची.

```python
import numpy as np
from PIL import Image

def lum(a):
    a = a / 255
    a = np.where(a <= 0.04045, a / 12.92,
                 ((a + 0.055) / 1.055) ** 2.4)
    return a @ [0.2126, 0.7152, 0.0722]

img = Image.open("poster-bg.png").convert("RGB")
box = img.crop((80, 60, 1000, 320))
L = lum(np.asarray(box, dtype=float))
t = lum(np.array([255.0, 255.0, 255.0]))
r = (np.maximum(L, t) + 0.05) / (np.minimum(L, t) + 0.05)
print(np.percentile(r, 5), (r < 4.5).mean())
```

`crop` मधले चार आकडे म्हणजे शीर्षकाच्या चौकटीची डावी, वरची, उजवी आणि खालची कड, पिक्सेलमध्ये. `255.0` तीन वेळा म्हणजे अक्षरांचा पांढरा रंग. पहिलं उत्तर सांगतं की सर्वांत वाईट पाच टक्के भागात गुणोत्तर किती किंवा त्याहून कमी आहे. दुसरं सांगतं की चौकटीचा किती भाग ४.५ च्या खाली आहे. पहिला आकडा ४.५ च्या वर येईपर्यंत काम झालेलं नाही. फाइल अक्षरं नसलेलीच द्यायची, नाहीतर पांढऱ्या अक्षरांचे ठिपकेही पार्श्वभूमीत मोजले जातात आणि उत्तर उगाच वाईट येतं.

आकडा कमी आला तर काय? तीन मार्ग असतात, त्यातला एकच मला भरवशाचा वाटतो. अक्षरांना काळी कड देणं हा पहिला, आणि सगळे तोच वापरतात. पण कड जाड केली की देवनागरी अक्षरांची पोटं बुजतात. "ब" मधली तिरकी रेघ गेली की "व" उरतो. चित्र पुन्हा बनवून घेऊन "वरती मोकळी गडद जागा ठेव" असं सांगणं हा दुसरा. तो चांगला आहे, पण प्रत्येक नव्या चित्राचा पोत वेगळा येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी मोजणी नव्याने करावी लागते. "रंगांधांना चालेल असं चित्र दे" एवढी सूचना देऊन मात्र निश्चिंत होऊ नका. चित्र कसं आलंय ते मोजल्यावरच कळतं. आणि अक्षरं त्या साधनाकडून कधीच काढून घेऊ नका. जोडाक्षरं मोडतात ते वेगळंच, शिवाय अक्षरं चित्रात मिसळली की मोजायला कोरी पार्श्वभूमीच राहत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी. याचा हिशोब अगदी पक्का आहे. मागे शुद्ध पांढरं असलं तरी ५५ टक्के काळी पट्टी टाकली की पांढऱ्या अक्षरांना ४.५ मिळतातच. ६६ टक्के टाकली तर ७. आपल्या ढगावर मोजलं तर ५५ टक्क्यांना सुमारे ६ आणि ६६ टक्क्यांना सुमारे ८.८ येतं. पायथन न वापरणाऱ्यांनी सरळ ६६ टक्के ठेवून मोकळं व्हावं. चित्र थोडं झाकलं जातं हे खरं. पण पोस्टर चित्र दाखवायला लावलेलं नाही, पाणी बंद आहे हे सांगायला लावलंय.

इथे एक फसवी जागा आहे. पॉवरपॉइंटमधला `Transparency` हा आकडा उलटा चालतो. ६६ टक्के काळं हवं तर तिथे ३४ टाकायचे. कॅन्व्हातल्या त्याच नावाच्या सरकपट्टीवर १०० म्हणजे पूर्ण अपारदर्शक, म्हणजे तिथे ६६ च टाकायचे.

पट्टी झाली की कुणीतरी म्हणतंच, "बंद" हा शब्द लाल करा, नजरेत भरेल. शुद्ध काळ्यावर शुद्ध लाल मोजा: ५.२५. नियमात बसतं. पण त्या सूत्रात लालला दिलेला २१ टक्क्यांचा वाटा सर्वसाधारण डोळ्यासाठी आहे. प्रोटॅन डोळ्यासाठी नक्कल करून तोच रंग पुन्हा मोजला तर गुणोत्तर सुमारे ३.२ वर उतरतं. आणि आपली पट्टी अर्धपारदर्शक आहे, म्हणजे शुद्ध काळ्याहून उजळ, तेव्हा प्रत्यक्षात त्याहूनही कमी. कॉन्ट्रास्टचं पान हिरवी खूण दाखवेल आणि तरीही नेमका महत्त्वाचा शब्द काहींना मंद दिसेल. ज्या शब्दावर जोर द्यायचा तो पिवळ्या `#F0E442` मध्ये लिहा, किंवा पांढऱ्यातच ठेवून आकार वाढवा. गडद पट्टीवर पिवळा प्रोटॅन आणि ड्यूटन दोघांनाही झकास दिसतो.

## पायरी ६: छापण्याआधी आणि पाठवण्याआधी

फलकावर लावायचं असेल तर एक प्रत काळ्यापांढऱ्यात छापून बघा, कारण पुढे तिच्या झेरॉक्स निघणारच. आलेखात निळी आणि शेंदरी रेषा करड्या रंगात जवळ येतात. नावं रेषेशेजारी असल्याने अडत नाही, पण हवं तर शेंदरीवर दर आठवड्याला एक छोटा चौकोनी ठिपका द्या. शाई कमी असलेल्या प्रिंटरवर गडद पट्टी चट्ट्याचट्ट्यांची येते. छापायच्या प्रतीत पट्टी अपारदर्शकच ठेवावी.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं चित्र दाबून लहान होतं आणि अक्षरांच्या कडा धूसर होतात. स्वतःलाच पाठवा, मोबाइलवर मोठं न करता पाहा, उजेड निम्मा ठेवा. अनुस्वार आणि रफार दिसत असतील तर पुढे पाठवा. दिसत नसतील तर अक्षर मोठं करा, कारण या टप्प्यावर रंग बदलून फारसं साधत नाही.

ओळखीत कुणी रंगांध असेल तर त्यांना दाखवा, पण "दिसतंय ना?" असं विचारू नका. समोरचा भिडेखातर हो म्हणतो. "काका, जुलैच्या मध्याला टेमघर किती टक्के होतं?" असं विचारा आणि बोट कुठे जातं ते पाहा. बोट दोन रेषांमध्ये घुटमळलं तर ती जोडी बदला. रंग बदलण्याआधी रेषा तुटक करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.